न झिजलेला मुलामा

"काका, ह्यांनी लग्नात माझ्या गळ्यात पितळ मारलं!" असे म्हणत बायकोने पिवळट पडलेली अंगठी सराफांच्या काचेवर ठेवली. नवऱ्याला घाम फुटला.

सराफांनी भिंग लावले. "अहो ताई, हे अस्सल पांढरं सोनंच आहे. ते मुळातच किंचित पिवळसर असतं, म्हणून वर ऱ्होडियम या पांढऱ्या चकचकीत धातूचा पातळ मुलामा देतात. रोजच्या घासाघाशीत तो झिजतो. वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा चढवायचा."

नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. "बघ! उगाच माझ्या नावाने शंख!"

बायकोची नजर त्याच्या बोटाकडे वळली. "दोन्ही अंगठ्या तीन वर्षांपूर्वी एकदमच घेतल्या होत्या ना? मग तुमची अजून आरशासारखी कशी? घराबाहेर पडलात की काढून खिशात ठेवता वाटतं?"

नवरा सराफांच्या कानाशी झुकला. "काका, माझा मुलामा जरा घासून मिळेल का?"

"हो की," सराफ गंभीरपणे म्हणाले. "अंगठी घालून तीन वर्षं भांडी घासा."