अंगठी तेवढी राहिली

परीक्षेच्या हॉलशेजारच्या आर्ट रूमच्या दाराशी पर्यवेक्षक मिस्टर हॉवेल्स प्रत्येकाचं मनगट पाहत होते. घड्याळ कुठलंही असो, काट्यांचं असलं तरी काढायचं. फोन बंद करून नाव लिहिलेल्या पारदर्शक पिशवीत, पिशवी खोक्यात, दप्तर भिंतीशी. केमिस्ट्रीच्या ए-लेव्हलचा, म्हणजे तिकडच्या बारावीचा, शेवटचा पेपर होता आणि कार्डिफमधल्या त्या शाळेतल्या मुलांना हे सगळं एव्हाना पाठ झालं होतं.

सिया फोन बंद होतोय का ते पाहत होती, तेवढ्यात तनिषाने तिला कोपराने ढोसलं. शाळेत दोघी मराठी बोलायच्या ते दुसऱ्याला कळू नये म्हणून.

"ए, ही रिंग चालते ना? ज्वेलरी आहे. कानातल्याला कोणी काही म्हणत नाही."

तनिषाच्या उजव्या हातात काळपट, जाडसर अंगठी होती. तिच्या बाबांची. झोप किती झाली, नाडीचे ठोके किती पडतात, ते फोनला कळवणारी. हॉस्पिटलमधल्या नाइट शिफ्टमुळे झोप नेहमी कमीच दिसते म्हणून कंटाळून त्यांनी ती मुलीला दिली होती आणि तनिषा आठवडाभर सगळ्यांना आपल्या झोपेचे मार्क ऐकवत हिंडत होती.

सियाला नियम नीट माहीत होता. सोन्याची असो वा चांदीची, साधी अंगठी चालते. माहिती साठवणारी किंवा पाठवणारी वस्तू चालत नाही, मग ती दिसायला कशीही असो. आत्ता काढून दिली तर कोणी विचारणारसुद्धा नाही.

"चालत असेल," सिया म्हणाली.

"तू इतकी घाबरलेली का दिसतेस? आता तुला कसलं टेन्शन? ऑफर तर नाहीये." तनिषा हसली. "सॉरी, जोक होता. नर्सिंगला ये ना पुढच्या वर्षी. माझ्या वॉर्डात घेईन तुला."

मेडिसिनसाठी दोघींनी अर्ज केले होते. सियाला चारही ठिकाणांहून नकार आला. तनिषाला एका ठिकाणी प्रवेशाची ऑफर होती, केमिस्ट्रीत ए मिळाला की झालं.

हॉलमध्ये मिस्टर हॉवेल्सनी सूचना वाचल्या. खिसे पुन्हा तपासा. कुठलंही उपकरण राहिलं असेल तर आत्ता हात वर करा. यानंतर काही सापडलं, तर ते बंद असलं, वापरलं नसलं, तरी परीक्षा मंडळाला कळवावं लागेल.

दोन मुलांनी हात वर केले. एकाने खिशातून इअरबड काढून दिला, सगळे हसले. तनिषाही हसली. तिच्या मागच्याच बाकावर सिया होती. पुढे वाकून दोन शब्द बोलली असती तर झालं असतं. आपली जागा तनिषामुळे गेली नाही आणि तनिषाची गेली तर ती आपल्याला मिळणार नाही, हेही तिला स्वच्छ कळत होतं.

पेपर सुरू झाला. सियाने पहिला प्रश्न सोडवला, उत्तर पडताळून पाहिलं आणि हात वर केला.

"सर, पुढच्या बाकावरची अंगठी," ती कुजबुजली. "स्मार्ट रिंग आहे ती."

मिस्टर हॉवेल्स तनिषाशेजारी जाऊन वाकले. तिने अंगठी ओढली. बोट घामेजलेलं होतं, ती लगेच निघेना. निघाली तेव्हा आतल्या बाजूला हिरवा ठिपका लुकलुकत होता. पेपर पुढे लिहायची परवानगी मिळाली. तनिषाने लिहिलंही, पण बराच वेळ तिची पाठ हलत होती.

पेपर संपल्यावर परीक्षा विभागाच्या मिसेस प्रिचर्डनी तिला थांबवून घेतलं. तनिषाने सियाचा हात धरून तिला सोबत नेलं.

"मी वापरली नाही, मिस. मला वाटलं ज्वेलरी चालते. मी हिला दारातच विचारलं होतं. मला लपवायचं असतं तर विचारलं असतं का?"

"अंगठी जवळ होती, तेवढ्यानेही मार्क जाऊ शकतात," मिसेस प्रिचर्ड म्हणाल्या. "एका भागाचे किंवा सगळ्या पेपरचे. ते मंडळ ठरवेल. पण हेतू काय होता, हे त्यांना कळायला हवं." त्या सियाकडे वळल्या. हात कोणी वर केला होता ते त्यांना मिस्टर हॉवेल्सनी सांगितलं असणार. "तिने तुला विचारलं होतं?"

तनिषाची बोटं सियाच्या मनगटाभोवती घट्ट आवळली होती. अंगठीच्या जागी पांढरा, दबलेला पट्टा उमटला होता.

"नाही," सिया म्हणाली. "अंगठीबद्दल मला काहीच बोलली नाही ती."

मिसेस प्रिचर्ड तिच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी ते उत्तर लिहून घेतलं.

"तिला आठवत नसेल, मिस," तनिषा नाक पुसत म्हणाली. "पेपरच्या टेन्शनमध्ये होती ती. तिची काही चूक नाहीये."

आणि तिने सियाचा हात सोडला नाही.