सीमेवरचा लाल मणी

प्रयोगशाळेतला मेकॅनिक सगळ्यांचाच मामा होता. विभागप्रमुखांपासून शिपायापर्यंत जो तो त्याला मामाच म्हणायचा. खरी भाची मात्र एकच, सख्ख्या बहिणीची मुलगी, आणि नशिबाचा खेळ असा की तीही संशोधन करायला नेमकी त्याच्याच प्रयोगशाळेत येऊन थडकली. तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत मामाने तिला पाना कसा धरायचा ते शिकवलं होतं आणि तिने मामाला, दर गोष्टीत नाक खुपसू नये हे शिकवायचा प्रयत्न केला होता. पहिलं जमलं.

आज दुपारी दोन वाजता बाहेरच्या परीक्षक बाई येणार होत्या. त्यांच्यासमोर प्रयोग चालवून दाखवायचा, मग तोंडी परीक्षा. प्रयोगाचे आकडे आणि भाचीचं सूत्र जुळलं तर प्रबंध पास. नाही जुळलं तर प्रबंध परत, किमान सहा महिने. आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेला ज्या नोकरीवर हजर व्हायचं होतं, ती काही सहा महिने दारात उभी राहणार नव्हती.

यंत्र दिसायला साधं होतं. काचेच्या भिंतींची एक गोल, उथळ वाट, मैदानाभोवतीच्या धावमार्गासारखी. तळाची चकती जागच्या जागी, तिला एक स्प्रिंगचा काटा बांधलेला. वरची चकती मोटरवर फिरणारी. दोन्हींमध्ये एक सेंटीमीटरची फट. त्या फटीत खाली पाच मिलिमीटर ग्लिसरीन, वर पाच मिलिमीटर मशीनचं तेल. दोघं एकमेकांत मिसळत नाहीत. सख्खे शेजारी आणि बोलणं बंद. त्यांच्या सीमेवर बारीक लाल प्लॅस्टिकचे मणी. तेलापेक्षा जड, ग्लिसरीनपेक्षा हलके, म्हणून बरोबर सीमेवरच बसतात आणि सीमा ज्या वेगाने सरकते तो वेग डोळ्याला दाखवतात.

भाचीचं सूत्र सांगत होतं की ग्लिसरीन तेलाच्या तिप्पट चिकट, म्हणून ते सहजासहजी हलणार नाही. वरच्या चकतीच्या चार फेऱ्या होतील तेव्हा मण्याची एक.

विभागप्रमुखांचं मत वेगळं होतं. ते चांगले गृहस्थ होते, पण कुठल्याही वादात मधला आकडा धरायचे. पंख्याचा वेग, रजेचे दिवस, चहातली साखर, सगळं निम्म्यावर. विद्यार्थी पाठीमागे त्यांना निम्मे सर म्हणायचे. "दोन्ही थर सारख्या जाडीचे, सीमा बरोबर मध्ये," ते पहिल्या दिवसापासून म्हणत आले होते, "मग वेग निम्मा नाही तर काय?"

सकाळी साडेदहाला भाचीने मोटर चालू केली. मामाने वरच्या चकतीची पहिली फेरी मोजली. दुसरी मोजली. लाल मणी सुबकपणे वळण घेत सुरुवातीच्या खुणेपाशी परत येऊन पोचला.

"दोन," मामा म्हणाला.

"नीट मोज."

"मला दोनपर्यंत मोजता येतं गं."

पुन्हा मोजलं. पुन्हा दोन. चार नव्हे, साडेतीनही नव्हे, चक्क दोन. आणि नेमके त्याच वेळी सर दारात.

"निम्मा!" सरांचा चेहरा असा उजळला की भाचीला त्यांच्यावर धड रागावताही येईना. "मी काय म्हणत होतो? अगं, इतकं मनाला लावून घेऊ नकोस. दुपारी बाईंना सांगू, सूत्रात थोडी दुरुस्ती लागेल."

सर गेले. भाची स्टुलावर बसली, हाताची घडी घातली आणि त्या मण्याकडे अशी पाहू लागली, की मणी माणूस असता तर कबुली देऊन मोकळा झाला असता.

"काटा किती दाखवतोय?" तिने विचारलं.

"त्र्याहत्तर ग्रॅम."

"एकशे दहा यायला हवे होते." ती उठून फळ्यापाशी गेली. "मामा, ऐक. सर म्हणतात तसं असेल तर वरचं तेल सीमेला पुढे जेवढं ओढतं आणि खालचं ग्लिसरीन मागे जेवढं ओढतं, ते दोन आकडे वेगळे येतात. ग्लिसरीनचा तिप्पट."

"मग येऊ देत की वेगळे. घरोघरी वेगळेच असतात."

"इथे चालत नाही. वेग एकसारखा चाललाय म्हटल्यावर सीमेवर पुढची ओढ आणि मागची ओढ सारखीच लागते. वरच्या चकतीपासून तळापर्यंत एकच शिअर स्ट्रेस, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला तेवढीच ओढ. म्हणून तर तळाच्या काट्यावरून मला सगळ्या फटीतला कळतो." ती भराभर आकडे लिहीत होती. "त्र्याहत्तर ग्रॅमला चकतीच्या क्षेत्रफळाने भागलं. आता वरचा थर. पाच मिलिमीटरमध्ये वेग किती बदलला ते माहीत आहे, त्यावरून तेलाचा चिकटपणा काढला... बरोबर! पुस्तकात आहे तितकाच. आता खालचा." खडू थांबला. "खालचाही तितकाच."

"म्हणजे?"

"म्हणजे सूत्र ठीक आहे, तेल ठीक आहे, ग्लिसरीन खोटं आहे. जेवढं चिकट हवं त्याच्या एक तृतीयांश."

मामाने उगाच खिडकीकडे पाहिलं.

"खोली गरम झाली असेल," तो घाईने म्हणाला. "उन्हाने पातळ होतं ना?"

"एवढं पातळ व्हायला खोली चाळीस अंशांवर हवी. आणि मग तेलही पातळ झालं असतं. ते कुठे झालंय?" ती वळली. "ग्लिसरीन तू भरलंस ना काल? सीलबंद डब्यातलं?"

आता इथे मामाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. सव्वीस वर्षं या माणसाने झाकणांवरून लोकांचा छळ केला होता. भिंतीवर त्याच्या हातची पाटी होती, झाकण लावा. एका डॉक्टरेट झालेल्या पाहुण्याला त्याने उघड्या बाटलीवरून सगळ्यांदेखत फैलावर घेतलं होतं. आणि त्याच मामाच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, एक रुंद तोंडाची काचेची बरणी होती. दोन लिटर ग्लिसरीनची. झाकण नसलेली.

दिवसभर सिमेंटच्या फरशीवर उभं राहून त्याच्या टाचांना भेगा पडल्या होत्या. कोणीतरी ग्लिसरीनचं सांगितलं. रोज सकाळ-संध्याकाळ दोन बोटं. झाकण सारखं कोण काढणार? दोन महिने वापरूनही बरणी कमी होत नाही, उलट किंचित चढलीच आहे, याचं त्याला कौतुक वाटत होतं. काल यंत्र भरताना नवा डबा फोडणं जिवावर आलं, आणि हे पण ग्लिसरीनच, या विचाराने त्याने अर्धी बरणी आत ओतली होती.

"मामा?"

खोटं बोलायला अगदी सोपं होतं. दुकानदाराने भेसळ केली म्हणायचं, झालं. दुकानदार काही तिथे नव्हता. त्याने भाचीकडे पाहिलं. तिच्या नाकाला खडू लागला होता.

त्याने कपाट उघडलं आणि बरणी टेबलावर ठेवली. काचेवर बोटांचे ठसे होते.

"टाचांना लावतो," तो म्हणाला.

भाची बरणीकडे बघत राहिली. मग त्याच्या पायांकडे. मग पुन्हा बरणीकडे. "ग्लिसरीन हवेतलं पाणी पितं, मामा."

"मला वाटलं बरकत आहे."

ती हसली नाही, पण ओठ घट्ट मिटून धरले, आणि मामाला ते हसण्यापेक्षा जास्त लागलं. नवं ग्लिसरीन भरायचं तर सगळं धुऊन पुसून पुन्हा थर लावायचे, आणि त्यातले बुडबुडे निघायला एक रात्र जाते. घड्याळात अकरा.

"आहे त्यावरच दाखवते," ती म्हणाली. "मोजमापाच्या दोन नळ्या काढ. आणि एक मिलिमीटर त्रिज्येच्या पोलादी गोळ्या."

दोन वाजता परीक्षक बाई आल्या. बारीक अंगाच्या, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी मणी पाहिला, काटा पाहिला, फळा पाहिला. सर शेजारी हात मागे बांधून, निम्म्या वेगाकडे वडिलांच्या नजरेने पाहत उभे.

"म्हणजे उत्तर चुकलं, म्हणून ग्लिसरीनचा चिकटपणा तुम्ही बदलून घेतलात," बाई म्हणाल्या. "असं केलं तर कुठलंही सूत्र जुळेल, मुली."

"हो बाई. म्हणून तो यंत्राबाहेर मोजला." भाचीने दोन उंच काचेच्या नळ्या पुढे केल्या. एकीत सीलबंद डब्यातलं ग्लिसरीन, दुसरीत बरणीतलं. तीस सेंटीमीटरवर खुणा. तिने सीलबंद ग्लिसरीनमध्ये गोळी सोडली. गोळी सावकाश खाली निघाली, लग्नाला उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखी, चेहऱ्यावर काही न दाखवता. एकोणीस सेकंद. दुसऱ्या नळीतली सहा सेकंदांत तळाशी.

"तिप्पट पातळ," भाची म्हणाली. "हा आकडा सूत्रात घातला, तर सीमेचा वेग वरच्या चकतीच्या निम्मा येतो आणि काटा त्र्याहत्तर ग्रॅम. दोन्ही आले आहेत. निम्मा वेग सीमा मध्ये आहे म्हणून नाही. दोन्ही द्रव योगायोगाने सारखे चिकट झाले म्हणून."

सरांचे हात मागून पुढे आले.

बाईंनी बरणी उचलली, उजेडात धरली. "प्रयोगशाळेत इतकं ग्लिसरीन उघडं राहिलंच कसं?"

भाची म्हणाली, "तांत्रिक चूक झाली, बाई."

ती त्याला वाचवत होती. मामाने पाहिलं की बाईंच्या पेनाचं टोक कागदावर थांबलंय. कुणाची चूक ते कळल्याशिवाय पेन हलणार नव्हतं, आणि प्रबंधावर नाव भाचीचं होतं.

"माझी चूक," तो म्हणाला. "तिला सकाळपर्यंत पत्ता नव्हता. मी टाचांना लावतो, बाई. झाकण लावलं नाही."

मग सरांना ठसका लागला. तो ठसका नव्हता हे सगळ्यांना कळलं. बाईंनी भिंतीवरची पाटी वाचली, मामाच्या चपलांकडे पाहिलं, आणि चष्मा काढून पुसू लागल्या. बराच वेळ पुसला.

"ज्या मुलीला सूत्राने सांगितलं की चूक बरणीत आहे," त्या शेवटी म्हणाल्या, "तिला मी आणखी काय विचारू?" सही झाली. एक अट मात्र घातली: ताज्या ग्लिसरीनचे आकडे आठवड्याभरात जोडायचे. "आणि यंत्र यांनीच भरायचं."

बाई गेल्यावर सर बराच वेळ फळ्यापुढे उभे होते. "चारला एक येईल म्हणतेस?" एवढंच विचारून गेले, आणि उद्या सकाळी आपल्यालाही बोलवा असं दारातून सांगितलं.

भाचीने फोन काढला. मामाने हातानेच नको नको केलं, पण पलीकडे बहीण होती, आणि ती मामाला पन्नास वर्षं ओळखत होती.

"आई, झालं! पास! हो... हो, सांगते. अगं थांब, आधी मामाचं ऐक—"

फोन कानापासून लांब धरूनही बहिणीचं हसणं टेबलाच्या या टोकापर्यंत ऐकू येत होतं. मामा खाली बसला आणि निचऱ्याचा नळ सोडू लागला. त्याला माहीत होतं, हे आता प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात निघणार. नळातून आधी ग्लिसरीन आलं, मग त्याच्यामागून तेल, आणि त्यात अडकून एकेक लाल मणी. तो चिमटीने ते वेचून पुसून वाटीत ठेवत होता. भाची अजून फोनवर होती, आणि जिथे-तिथे थोडं वाढवून सांगत होती.