वगळलेला फेरा

गेम बनवणाऱ्या त्या छोट्याशा ऑफिसात तिला सगळे मोजणीबाई म्हणत. नाव ठेवलं होतं काकांनी. काका म्हणजे प्रकाशयोजनेचे काका. गेममधला प्रत्येक दिवा, प्रत्येक झरोका आणि प्रत्येक पानाची सावली त्यांच्या हातची. दोन महिन्यांपूर्वी एका सोमवारी ते कामावर आले नाहीत, आणि मंगळवारी सगळे त्यांना पोचवून आले. त्यांची खुर्ची अजून तशीच होती. तिच्यावर कुणी बसत नव्हतं आणि ती हलवा असंही कुणी म्हणत नव्हतं.

त्यांचं शेवटचं काम म्हणजे मऊ सावल्या. साध्या सावलीची कड कात्रीनं कापल्यासारखी असते. काकांची सावली झाडाच्या बुंध्याशी गडद आणि शेंड्याकडे जात जात विरघळलेली, खऱ्या उन्हात दिसते तशी. गेम महिन्याभरात बाहेर पडायचा होता आणि एकच निर्णय राहिला होता: गेम पहिल्यांदा सुरू केल्यावर मऊ सावल्या आपोआप चालू असाव्यात, की साध्या? हा प्रश्न लहान वाटतो, पण लहान नाही. सेटिंगच्या यादीत जाऊन कोण काय चालू करतंय! जे आपोआप चालू असतं तेच जगाला दिसतं. बाकीचं असून नसल्यासारखं.

ऑफिसचा नियम ठरलेला होता. टेबलाखाली एक मध्यम ताकदीचा संगणक होता, बहुतेक लोकांच्या घरी असतो तसा. त्याच्यावर सर्वांत वाईट एक टक्का साठच्या खाली जाता कामा नये.

हा एक टक्का म्हणजे मोजणीबाईचा जीव की प्राण. तिचं म्हणणं, सरासरी ही स्थळं जुळवणाऱ्या बाईसारखी असते, दोन्हीकडचं चांगलंच सांगते. मोजणीच्या नव्वद सेकंदांच्या एका फेऱ्यात पडद्यावर साडेसात हजार चित्रं येतात. ती किती वेळ घेतात त्याप्रमाणे ओळीनं लावायची, त्यातली सर्वांत रखडलेली पंचाहत्तर उचलायची, आणि सगळा गेम त्याच वेगानं चालला असता तर सेकंदाला किती चित्रं आली असती ते काढायचं. खेळणाऱ्याला अडखळतं ते तिथेच. तो सरासरी खेळत नाही.

मोजणीच्या आदल्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना बसवून सांगितलं होतं, "काका आपले होते. पण म्हणून कुणी हात सैल सोडायचा नाही. आकडा म्हणेल ते."

हे वाक्य मोजणीबाईनं मनाला लावून घेतलं. काकांनीच तिला या कामात आणलं होतं. त्यांच्या बाजूनं आपला हात सैल पडला तर काय, या भीतीनं ती इतकी कडक झाली की मोजणीच्या प्रोग्रॅममधली एक ओळ तिनं स्वतः काढून टाकली. ती ओळ पहिला फेरा वगळायची. एकही फेरा टाकायचा नाही, तिनं ठरवलं. उद्या कुणी म्हणायला नको की नको तेवढं वेचून फेकलं.

मग नवी आवृत्ती चढवली, संगणक बंद करून चालू केला, मऊ सावल्यांचे तीन फेरे घेतले, आणि लगेच साध्यांचे तीन. आकडे आले. सरासरी मऊची ब्याऐंशी, साधीची अठ्ठ्याऐंशी. वाईट एक टक्का मऊचा पंचेचाळीस, साधीचा सहासष्ट.

शेजारी प्रोग्रॅमर उभा होता. तिच्याहून वयानं लहान, आणि काकांच्या डब्यातलं निम्मं खाऊन वाढलेला. "सरासरीत काय, सहाचाच फरक," तो म्हणाला. "अहवालात तेवढीच दे ना. साहेब पुढचं वाचत नाहीत."

"साहेब वाचत नाहीत म्हणून मी लिहायचं नाही?"

"काकांसाठी म्हणतोय गं."

"म्हणूनच नाही."

ती अहवाल लिहायला बसली. 'मऊ सावल्या आपोआप चालू ठेवू नयेत' एवढं लिहिलं आणि हात थांबला. डोळे भरून आले होते आणि तिला त्याचा रागही आला. पुसून तिनं वर पाहिलं, तर पडद्याच्या कडेला चिकटवलेली पिवळी चिठ्ठी. काकांचं वळणदार अक्षर. वर्षभर डोळ्यांसमोर असल्यामुळे ती तिला दिसायचीच बंद झाली होती.

'पहिला फेरा देवाला.'

ती एकदम ताठ बसली. तिनं तिन्ही फेऱ्यांचे आकडे वेगवेगळे उघडले. मऊचा पहिला फेरा बावीस. दुसरा छप्पन्न, तिसरा सत्तावन्न. नवी आवृत्ती चढवली की जुनी तयारी पुसली जाते. भिंत कशी रंगवायची, पाणी कसं चमकवायचं याची सूत्रं संगणक पहिल्या फेऱ्यात वाटेत थांबून थांबून तयार करतो. ते सगळं ओझं मऊ सावल्यांनी उचललं होतं, आणि साध्या सावल्या मागून आयत्या पिठावर रेघोट्या ओढत आल्या होत्या. पक्षपात नको, पक्षपात नको म्हणता म्हणता तिनं पक्षपातच केला होता, तोही मेलेल्या माणसाविरुद्ध.

"मूर्ख आहे मी," ती मोठ्यानं म्हणाली. प्रोग्रॅमरनं मान डोलावली आणि मग घाईघाईनं थांबवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पुन्हा मांडामांड केली. काढलेली ओळ परत घातली. मागे चालणारे सगळे प्रोग्रॅम बंद, वेगावरची मर्यादा बंद, गेममधलं घड्याळ दुपारी चारवर थांबवलेलं, कॅमेरा नोंदवून ठेवलेल्या एकाच वाटेवरून जाणारा. दोन्ही सेटिंगचा एकेक फेरा आधी देवाला. मग मऊ, साधी, साधी, मऊ, मऊ, साधी. असं आलटून पालटून, म्हणजे तापलेल्या यंत्राचा भार दोघींवर सारखा पडेल.

साधी सहासष्ट, पासष्ट, सहासष्ट. मऊ सत्तावन्न, छप्पन्न, सत्तावन्न.

"अरे, साठाला तीनच कमी!" प्रोग्रॅमर म्हणाला. "तीन म्हणजे चूकभूल द्यावी घ्यावी."

"फेऱ्याफेऱ्यात फरक एकाचा पडतोय," ती म्हणाली. "तीन म्हणजे खरेच तीन." अन्याय धुऊन निघाला होता, पण काका हरले होते ते हरलेच होते. तिला वाटलं होतं त्यापेक्षा हे जास्त लागलं, कारण आता दोष द्यायला स्वतःची चूकही उरली नव्हती.

मग तिनं मऊच्या तिन्ही फेऱ्यांचे आलेख एकावर एक ठेवले. प्रत्येक चित्राला किती वेळ लागला त्याची रेघ. तिन्ही रेघा एकाच ठिकाणी वर उचलल्या होत्या, बावन्नाव्या सेकंदाला, कॅमेरा अंगणातल्या विहिरीला वळसा घालून एका बंद दारासमोरून जातो तिथे. एरवी रेघ सपाट. फेरे एकसारखे असले की दुखणंही एकाच जागी दुखतं, आणि मग बोट ठेवता येतं.

"त्या दाराआड काय आहे?"

"काहीच नाही. ते दार उघडतच नाही." प्रोग्रॅमरनं भिंती अदृश्य करून दाखवल्या.

आत एक खोली होती. खुर्ची, चटई, कोनाड्यात दिवा. दिव्याची ज्योत हलत होती, त्यामुळे खोलीतल्या सगळ्या सावल्या प्रत्येक चित्राला नव्यानं काढाव्या लागत होत्या. बाहेरून यातलं काही दिसत नव्हतं. दिसत होती ती फक्त दाराखालच्या फटीतून येणारी उजेडाची एक पट्टी.

"दिवाच काढून टाकतो," प्रोग्रॅमर म्हणाला. "प्रश्न मिटला."

"पट्टी जाईल."

"मग ज्योत थांबवू. हललं नाही तर सावल्या एकदाच काढायच्या आणि तशाच ठेवायच्या. फुकटात पडतं." पण बोट काही बटणावर गेलं नाही. काकांच्या कामाला हात लावायचा कुणी, हे दोघांनाही बोलता येईना.

त्याच दुपारी काकू आल्या, काकांचा चष्मा आणि कप न्यायला. मोजणीबाईनं त्यांना काकांच्या खुर्चीवर बसवलं. दोन महिन्यांत त्या खुर्चीवर कुणी पहिल्यांदाच बसलं. तिनं पडद्यावर ते अंगण आणलं आणि कॅमेरा दाराशी थांबवला.

काकूंनी बराच वेळ पाहिलं. "ही फट आमची आहे," त्या म्हणाल्या. "हे कामावरून यायचे ना, तर जिन्याच्या वळणावरून आमच्या दाराखालचा उजेड दिसायचा. तो दिसला की मुद्दाम चप्पल वाजवत वर यायचे, म्हणजे मी चहा ठेवावा."

मग मोजणीबाई म्हणाली, "काकू, एक विचारू? आतला दिवा हलतोय, त्यानं गेम अडखळतो. दिवा तसाच राहील, उजेडही राहील. फक्त ज्योत हलायची थांबवली तर चालेल?"

"हलतोय?" काकूंनी भुवया वर केल्या. "आमचा बल्ब होता बाई. तो कसला हलतोय! यांना उगाच नटवायची हौस."

प्रोग्रॅमर हसला आणि हसता हसता त्यानं तोंड फिरवलं. त्यानं ज्योत थांबवली.

गेम बदलला म्हणजे जुने आकडे रद्द. साधीचेही. तिनं दोन्हीकडचे फेरे नव्यानं लावले. पहिला मऊचा. कॅमेरा निघाला, झाडाखालून, पायऱ्यांवरून, विहिरीला वळसा घालून. मध्ये मध्ये चित्र अडखळत होतं.

"हे थांबतंय का गं असं?" काकूंनी विचारलं.

"पहिला फेरा असाच असतो. तो धरायचा नाही. पहिला फेरा देवाला."

"हे यांचंच," काकू म्हणाल्या. त्या पुढे वाकून बसल्या आणि नव्वद सेकंद संपेपर्यंत त्यांनी पापणी लववली नाही. मग चष्मा आणि कप पिशवीत ठेवला, खुर्ची नीट आत सरकवली आणि गेल्या.

संध्याकाळपर्यंत आकडे लागले. साधी सदुसष्ट, सहासष्ट, सदुसष्ट. मऊ त्रेसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. अहवालात तिनं दोन्ही लिहिले. मऊ सावल्या साध्यांपेक्षा चार अंकांनी जड आहेत, हेही लपवलं नाही. खाली लिहिलं, 'नियमात बसतात. आपोआप चालू ठेवाव्यात.' साहेबांनी या वेळी शेवटपर्यंत वाचलं आणि सही केली.

तक्त्यात वगळलेल्या फेऱ्यांसाठी एक रकाना असतो. कारण लिहावं लागतं, आणि ती वर्षभर तिथे एकच लिहीत आली होती: 'यंत्राची तयारी.' साधीपुढे तिनं तेच लिहिलं. मऊच्या पहिल्या फेऱ्यापुढे लिहिलं, 'काकूंनी पाहिला.'