पोटदुखीच्या बाकावर

सोनोग्राफीच्या खोलीबाहेरच्या बाकावर तो पोरगा मांड्या फाकवून, पुढं वाकून बसला होता. हातात पाण्याची बाटली. ऑपरेशन थिएटरमधून निघालेल्या सर्जनबाई त्याच्यासमोरून पुढं गेल्या. सकाळपासून उभ्या असल्यामुळं त्यांच्या कमरेचा तुकडा पडला होता आणि डोक्यात चहाशिवाय दुसरं काही नव्हतं. पण चार पावलांवर त्यांचे पाय अडले. पोटदुखीवाला माणूस मांड्या पोटाशी घेतो. हा तर मांडीला मांडी लागू नये म्हणून जपत होता.

चहा गेला चुलीत. त्या मागं फिरल्या.

"काय होतंय रे?"

"पोट," पोरगा जमिनीकडं बघत म्हणाला. मिसरूड नुकतं फुटलेलं, ओठ पांढरे.

शेजारी बसलेला बाप मात्र खुशीत होता. "आता बरंय मॅडम. पहाटे झोपेतून किंचाळत उठला. गडाबडा लोळत होता, दोनदा ओकला. गल्लीतल्या डॉक्टरनं गॅसचं इंजेक्शन दिलं, मग इथं आणलं. इथल्या डॉक्टरनं पोट दाबून बघितलं आणि पाणी प्यायला लावलं. लघवी तुंबली की सोनोग्राफी. पण आता दुखणं उतरलंय बघा. घरीच न्यावं म्हणतो."

'पहाटे' हा शब्द बाईंच्या छातीत दगडासारखा पडला. भिंतीवरच्या घड्याळात दुपारचं जेवण टळून गेलं होतं.

"आत चल. पँट काढायची."

पोरानं बाटली घट्ट धरली. बाप उठून मधे उभा राहिला. "मॅडम, पुरुष डॉक्टर नाहीत का कुणी? वयात आलेलं पोर आहे."

"आहेत की. त्यांनीच तुम्हाला या बाकावर बसवलंय."

बाप बाजूला झाला.

ड्रेसिंगच्या खोलीत पडदा ओढून बाईंनी बघितलं, आणि बघताक्षणी त्यांना कळलं. अंडकोषातली एका बाजूची गोटी सुजून कडक झालेली, दुसरीपेक्षा वर चढलेली, उभी असायची ती आडवी पडलेली. त्यांनी दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूला बोट ओढलं. चांगल्या बाजूची गोटी चटकन वर उचलली गेली. दुखरी ढिम्म हलली नाही.

"हे आधी कधी झालं होतं?"

पोरगा म्हणाला, "मागच्या महिन्यात. खेळून आल्यावर. थोड्या वेळानं आपोआप गेलं."

"कुणाला सांगितलंस?"

त्यानं पडद्याकडं बघितलं. पडद्यापलीकडं बाप उभा होता. "पप्पांना. पप्पा म्हणाले, या वयात होतं असं. चारचौघांत बोलू नको."

पडद्याखालून दिसणारी बापाची पावलं मागं सरकली.

पोराला सकाळी तपासणारा नवा डॉक्टर धावत आला. वर्षही झालं नव्हतं त्याला इथं. "मॅडम, कलर सोनोग्राफी करू या का? रक्त जातंय की नाही दिसेल."

"मशीन मोकळं व्हायची वाट बघत बसू? इतकं स्पष्ट असताना? थिएटर उघडायला सांग. आणि तू पोट बघितलंस तेव्हा पँटची नाडी का नाही सोडलीस?"

"तो पोट म्हणाला मॅडम."

"तो म्हणणारच! खालचं सगळं आपल्याकडं पोटच असतं. बाई असो, बुवा असो, नाभीखाली काही दुखलं की पोट! त्याला लाज वाटते, समजू शकते मी. तुला कसली लाज?"

त्याची मान खाली गेली. बाईंनाही पुढं ओरडायचं त्राण नव्हतं. त्यांनी गोटी हातात धरून, पुस्तकाचं पान उलगडावं तशी बाहेरच्या बाजूला फिरवून बघितली. काही वेळा पीळ असा हातानं सुटतो. पोरगा कळवळला, पीळ सुटला नाही.

बाहेर बापाला त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. "गोटीला रक्त नेणारी एक दोरी असते. तुमच्या पोराची गोटी आतून नीट बांधलेली नाही, नुसती टांगलेली आहे. ती गरकन फिरली आणि दोरीला पीळ बसला. रक्त बंद. पहिल्या पाच-सहा तासांत सोडवलं तर बहुतेक वाचते. पुढं प्रत्येक तासाला आशा कमी."

"पण आता दुखत नाही ना त्याला."

"तीच तर भीती आहे. मरायला लागलेल्या अवयवाचं दुखणंही कमी होतं."

बापानं सहीचा कागद उलटसुलट करून बघितला. "म्हणजे काढून टाकणार? उद्या त्याचं लग्न, पोरंबाळं..."

"एका गोटीवर सगळं होतं. दाढी येते, पोरंही होतात. पण दुसरीही आतून तशीच टांगलेली असते, म्हणून ती आजच टाके घालून पक्की करायची. सही करा. बोलण्यात वेळ जातोय."

भूलतज्ज्ञ आधीच वैतागलेले होते. पोराचं पोट पाण्यानं तुडुंब, आणि भूल देताना ते पाणी उलटून फुफ्फुसात गेलं तर दुसरंच संकट. "कुणी पाजलं एवढं? लग्नाची पंगत होती का?" पण थांबू या, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. गळ्याशी दाब धरून त्यांनी झटक्यात श्वासाची नळी घातली.

बाईंनी गोटीची पिशवी चिरून उघडली. दोरीला दोन पूर्ण वेढे. त्यांनी ते सोडवले आणि काळीनिळी गोटी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडात गुंडाळली. आता वाट बघायची. तोवर दुसरी बाजू उघडून टाके घातले. ती गोटी गुलाबी होती, आणि खरंच, तीही तशीच टांगलेली.

कापड बाजूला केलं. गोटी अजून काळीच. बाईंनी पुन्हा गुंडाळलं. सिस्टरनं कोमट पाणी ओतलं. पुन्हा उघडलं. बाईंनी छोटीशी चीर घेतली. लाल थेंब यायला हवा होता. आलं ते काळपट, तेही घट्ट.

"जाऊ दे मॅडम," सिस्टर हळूच म्हणाली.

सकाळी आला असता तर, हे वाक्य बाईंच्या जिभेवर आलं आणि त्यांनी ते गिळलं. सकाळी तो इथंच होता. बाकावर. पाणी पीत.

बाहेर आल्या तेव्हा बाप फोनवर होता. "हो हो, झालं. पोटाचं ऑपरेशन झालं. काही नाही, पोटाचंच."

बाईंनी हात पुढं केला, फोन घेण्यासाठी नव्हे, थांबवण्यासाठी. "डावी गोटी गेली. उजवी पक्की केलीय, ती राहील. घरी धाकटा आहे?"

"आहे."

"मग हे पोटाचं म्हणू नका. एखाद्या घरात दोघांनाही होतं. उद्या तोही पोट म्हणेल आणि तुम्ही त्याला गॅसचं औषध द्याल."

बाप भिंतीला टेकला. समोरच्या बाकावरची माणसं त्याच्याकडं बघत होती. फोनमधून बायको पुन्हा पुन्हा विचारत होती, अहो काय झालं, बोला ना. मग तो एकदम, भांडल्यासारख्या मोठ्या आवाजात म्हणाला, "पोट नव्हतं गं. गोटी. गोटीला पीळ पडला होता. मागच्या महिन्यात सांगितलं होतं त्यानं मला. मीच गप्प बसवलं." बाकावरच्या एका म्हातारीनं पदर तोंडाला लावला. "धाकट्याला फोन दे. दे म्हणतो ना. मला त्याच्याशी बोलायचंय."

बाई तिथून निघाल्या. नवा डॉक्टर दाराशी उभा होता, बहुधा माफी मागायला.

"आता नको," बाई म्हणाल्या. "बाकावर अजून तीन पोटदुख्या बसल्यात. जा, नीट बघ."