कोबीवरचा पहारा

थायरॉइडचा त्रास निघाल्यापासून सासूबाईंनी कोबी-फ्लॉवरचा धसका घेतला होता, आणि रोज दोन-दोन भाज्या करून सून पार पिचली होती. आज रिपोर्ट पुन्हा बिघडलेला निघाला, तशा त्या दवाखान्यातच कडाडल्या, "हिनेच कोबी घातला असणार!"

डॉक्टरीणबाई थकल्या आवाजात म्हणाल्या, "आजी, आयोडीन कमी पडत असेल आणि रोज ढीगभर कच्चा कोबी खाल्लात, तर त्रास. शिजवल्यावर थायरॉइडला अडवणारी द्रव्यं बरीच कमी होतात. खुशाल खा. थायरॉइडची गोळी कशाबरोबर घेता?"

"दुधाबरोबर."

"मग ती लागू कशी पडणार? उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची."

सासूबाईंचा पहारा कढईवर होता. दुधाचा पेला रोज सूनच साय काढून नेऊन देत होती.