झाकणावरची दुसरी तारीख

दापोडीत मोटाररस्त्यालगत घड्याळं दुरुस्त करणारे ज्योतीराम फोटो दिसले की चिडायचे. पुण्याचा एक व्यापारी जुनं घड्याळ विकत घेण्याआधी त्याचे फोटो टपालाने पाठवायचा आणि विचारायचा, अस्सल की नकली?

"फोटोला कान लावून टिकटिक ऐकू काय?" असं कुरकुरत त्या दुपारी त्यांनी काल आलेल्या तीन फोटोंवर भिंग धरलं. तबकडीवरच्या छपाईच्या कडा रेखीव होत्या, शाई कुठे फुटली नव्हती. चावीच्या डोक्यावरचं कंपनीचं चिन्ह खोल कोरलेलं होतं. नकली चावीवर ते उथळ आणि बोथट असतं.

"माल अस्सल," ते पुटपुटले.

तिसरा फोटो मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूचा होता. दुरुस्ती झाली की कारागीर तिथे सुईने आपली खूण आणि तारीख ओरखडतो. तिथे त्यांचीच 'ज्यो' होती, तीन वर्षांपूर्वीची. असं घड्याळ त्यांच्या हातून एकदाच गेलं होतं. म्हणजे हे चिंचवडच्या रंगरावांचं घड्याळ! त्याच वर्षी रंगराव पवना नदीत बुडाले, तेव्हा ते त्यांच्या मनगटावर होतं. ना माणूस सापडला, ना घड्याळ.

खाली आणखी एक 'ज्यो' होती. वळण त्यांच्याच हाताचं. तारीख आजची.

ज्योतीरामांनी फोटो झटकन पालथा घातला. तेवढ्यात कुणीतरी समोर घड्याळ ठेवलं. ओल्या बाहीतून फोटोवर पाणी ठिबकलं.

"पाणी शिरलंय, ज्योतीराम," ओळखीचा आवाज म्हणाला. "साफ करा, खूण घाला. मग फोटो काढून घ्यायचेत."