लाल होणार नाही अशी साडी

फाईल : बोर्ड-मूळ

पांढरी साडी, निळी बारीक किनार, नवरी हसते आहे. उजवीकडच्या खिडकीतून उजेड येतो आणि पदराच्या घड्यांमध्ये राखाडी सावल्या पडल्या आहेत. फोटो मूर्तिजापूरच्या हॉलमधला. नवरी म्हणजे दीक्षा, आणि हा फोटो आता ज्या कॉम्प्युटरवर उघडा आहे त्याच्यासमोर बसलेली बाईही दीक्षाच.

अकोल्याच्या या स्टुडिओत ती सहा वर्षांपासून अल्बम करते. कपड्यांचे रंग बदलायचं काम आलं की ते तिच्याच टेबलावर. नवरदेवाच्या एका भावाने केशरी फेट्याऐवजी गुलाबी घातला, काकूची साडी विहिणीच्या साडीसारखीच निघाली, सगळी भानगड दीक्षा निस्तरणार. लग्नात रुसलेली माणसं अल्बममध्ये तिच्यामुळे एका रंगात उभी राहिली आहेत.

अमरावतीला नवीन शाखा निघणार होती. मालक नितेशभाऊंनी विचारलं होतं, “तुझा फोटो बोर्डावर लावू काय? त्याच्याएवढा चांगला फोटो आपल्या स्टुडिओत निंगालाच नाही.” ती हो म्हणाली. आईला, पंचफुलाबाईला, तिने फोन करून सांगितलंसुद्धा.

आज दुपारी नितेशभाऊ चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले.

“फक्त साडी लाल कर.”

“काहून?”

“अवं, बारा फुटाचा बोर्ड हाय. पांढऱ्या साडीत लग्न हाय का दुसरं काई, लोकायले समजन काय? पाच वाजता फ्लेक्सवाल्या मोतीरामले फाईल पायजे.”

“आमच्यात लग्न पांढऱ्यातच होते, भाऊ.”

“मले मालूम हाय बाप्पा. मी जेवून आलो ना तुह्या लग्नात! पन गिऱ्हाइकाले मालूम नाही.”

“मंग बोर्ड पाहून होईन मालूम.”

नितेशभाऊ हसले. तिला वाटलं विषय संपला. तो संपला नव्हता.

फाईल : बोर्ड-लाल-१

“सरक,” ते म्हणाले. “मीच करतो. कलर मोड टाकला का झालं.”

ती सरकली. फोटोतला साडीपुरता भाग तिने अल्बमच्या वेळी उजेड सावरायला निवडून ठेवला होता, तो त्यांना आयता मिळाला. त्यावर लाल रंगाचा थर टाकला, मोड कलर.

साडी लाल झाली नाही. जिथे उजेड होता तिथे ती फिकट गुलाबी झाली, खांद्यावरचा अगदी पांढरा तुकडा पांढराच राहिला, आणि घड्यांमध्ये मात्र रंग गच्च भरला. वर गुलाबी, आत लाल. जणू कुणी घड्या घातलेल्या साडीवर पाणी ओतलं होतं.

“हे असं काहून?”

विचारलं तर सांगायचं, ही दीक्षाची सवय. “कलर मोड उजेड-अंधार खालच्या फोटोचा ठेवते. रंग आन् रंगाचा गडदपना तुमच्या थराचा घेते. पांढरं हाय तं पांढऱ्याएवढंच उजळ राहीन, म्हनून गुलाबी. आन् सावलीत कपड्याचा रंग मरते, पन हे तं सावलीतही तेवढाच भरते. म्हनून घड्या गढूळ.”

“मंग ह्यू लाव.”

फाईल : बोर्ड-लाल-२

ह्यू लावला. साडी पांढरी. नितेशभाऊंनी माउस दोनदा आपटला.

“बंद पडलं काय?”

“चालू हाय. ह्यू फक्त रंगाची जात बदलते. रंग किती हाय, ते खालच्या फोटोतलंच. पांढऱ्यात रंगच नाही तं बदलीन काय?”

पण किनार बदलली होती. निळीची लालभडक, आणि सुरेख. तिच्या घड्या नैसर्गिक, सावल्या जागच्या जागी. दीक्षाला तिकडे बघवेना. ती खरेदीला आईबरोबर दोन दुकानं फिरली होती, फक्त त्या निळ्या किनारीसाठी. साडीच्या अंगावरही एकदोन ठिकाणी नासलेल्या दुधासारखे तांबूस ओघळ उठले होते. हॉलमध्ये लावलेल्या निळ्या कापडाची झाक त्या घड्यांत पडली होती, तेवढीच लाल झाली.

“बॉर्डर तं मस्त आली!” नितेशभाऊ म्हणाले.



फाईल : बोर्ड-लाल-३

मग तिसरा मोड, सॉफ्ट लाइट. त्याने साडीला जरा गुलाबी झाक आली, घड्या मात्र आणखी काळवंडल्या. भाऊंनी थराची नक्कल करून वर चढवली. मग आणखी एक. प्रत्येक थराला घड्या खोल जात गेल्या आणि पदराचं विणकाम त्यात बुडालं. किनारीची निळाई खालून गेलीच नव्हती, तिच्यावर लाल चढून वांग्यासारखा रंग झाला.

“हा मोड जुना रंग काढत नाही,” दीक्षा म्हणाली. “त्याच्यात मिसळते. मांगच्या महिन्यात काकूची हिरवी साडी मरून रंगाची करून राहिले होते तुमी, चिखल झाला होता ना?”

“तू केली मंग ती. बरोबर केली.”

“केली.”

“मंजे तुले येते.”

इथे खोटं बोलणं सोपं होतं. पांढऱ्याला रंग लागतच नाही, कॉम्प्युटर ऐकत नाही, असं म्हणून सुटता आलं असतं. भाऊंनी विश्वासही ठेवला असता.

“येते,” ती म्हणाली. “आधी साडीचा उजेड लालाएवढा खाली ओढाचा. मंग कलर मोड, रंग बेतानं. मंग खोल घड्यायतून रंग पुसत न्यायचा. अर्ध्या तासाचं काम. कोनाले समजनार नाही का ते पांढरं होतं.”

“मंग कर ना, माय!”

“करत नाही.”

फाईल : नाही

“दीक्षा, मी मालक हाय तुहा.”

“तुमी कामाचे मालक हा. साडीचे नाही.”

“एवढ्याशा गोष्टीसाठी नोकरी घालवशीन?”

“तुमी घालवसान. मी इथंच बसून हाव.” तिने खुर्ची आणखी पुढे ओढली.

बाहेर ऑटोवाले पातूरच्या सवाऱ्यांसाठी ओरडत होते. भाऊंनी रागाने पहिली फाईल, ती गुलाबी-लाल, मोतीरामला पाठवून दिली. दीक्षाने नंतर दुसरा अल्बम उघडला.

दहा मिनिटांत अमरावतीहून फ्लेक्सवाल्या मोतीरामचा फोन आला. भाऊंचा फोन नेहमीच स्पीकरवर असे.

“नितेशभाऊ, नवरी पान्यात भिजली होती का?”

“काहून रे?”

“घड्याघड्यांत लाल डाग हायेत ना! इथं मोठं करून पाह्यलं तं बाई अर्धी ओली, अर्धी कोरडी दिसून राहिली. छापू काय? राजकमल चौकातले लोकं हसतीन, मंग मले बोल लावजा नका.”

भाऊंनी दीक्षाकडे पाहिलं. ती पडद्याकडेच बघत राहिली.

“थांब,” ते फोनवर म्हणाले. मग हळू आवाजात, “दुरुस्त कर ना वं.”

“दुरुस्त म्हंजे पांढरी. नाही तं माहा फोटो काढून टाका, दुसरीचा लावा.”

“मंग दुसरीचाच लावतो. ते हिरव्या शालूवाली, पळसोची. तिचा लाल होते ना ह्यूनं?”

“होते. झ्याक होते, सावल्याही खराब होनार नाही. पन आधी तिले फोन लावा. शालू बदलू का, विचारा.” तिने ऑर्डरची वही उघडून त्या नवरीच्या वडिलांचा नंबर भाऊंसमोर धरला. “तिचे बाबा उचलतीन.”

ते पोलीस खात्यात होते. भाऊंना माहीत होतं.

“हॅलो? भाऊ? मशीन थांबून हाय,” मोतीराम म्हणाला.

नितेशभाऊंनी चहाचा थंडगार घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“पांढरी छाप. मूळ फाईल धाडतो,” ते म्हणाले. “पन स्टुडिओचं नाव मोठं टाक. येवढं मोठं.”

“नाव पायजे तं लाल करा,” दीक्षा म्हणाली. “त्याच्यात सावल्या नाहीत.”